हुशार मूल ओळखायचं कसं? 5 अवघड गणितं द्या

शेकडेवारी शिकवून झाली की सरावातली 5 सर्वांत अवघड गणितं आधी, सगळ्या वर्गाला द्या. 4 बरोबर आली, त्यांचा सराव माफ. अमेरिकन शिक्षिका सुझन वाइनब्रेनर यांची ही पद्धत. निवड त्या धड्यापुरतीच. नेहमी पहिला येणारा मागे राहू शकतो.

मोकळ्या वेळेत काय? कोल्हापुरात गुऱ्हाळ आहेच. 100 किलो उसाचा साधारण 10-12 किलो गूळ होतो. बाकीचं वजन गेलं कुठे? चिपाड, मळी, वाफ यांचा टक्क्यांत हिशेब मुलांनी मांडायचा.

आठवड्याने वही पाहा. नुसती जादा गणितं दिसली, तर ती शिक्षाच झाली. धड्याच्या चाचणीत घसरलेलं मूल पुन्हा सरावाला बसतं.