वीज बंद, मग इन्व्हर्टरही बंदच हवा

गिरगाव-दादरच्या कितीतरी जुन्या चाळींत जिन्याखाली लाकडी फळीवर मीटर आणि चिनीमातीचे फ्यूज अजून दिसतात. ती वायरिंग झाली तेव्हा बिऱ्हाडागणिक दोन दिवे नि एक पंखा असायचा. आज त्याच वायरीवर २००० वॅटचा गीझर आणि दीड टनाचा एसी एकदम लागला, तर १५ ॲम्पिअरच्या आसपास करंट जातो. फ्यूज सारखा उडतो म्हणून कुणीतरी त्यात जाड तार बांधतं, आणि मग फ्यूजऐवजी वायर जळते.

म्हणून मालक मेन केबल आणि मीटरबोर्ड बदलायला काढतो आणि फळ्यावर नोटीस लागते: ‘रविवारी सकाळी ९ ते संध्याकाळी ५ वीज बंद राहील, भाडेकरूंनी सहकार्य करावे.’ एवढ्याने भागत नाही. भाडेकरूने काय करायचं आणि का, हे त्यात यायलाच हवं.

सगळ्यात महत्त्वाचा इन्व्हर्टर. घरातलं त्याचं कनेक्शन चुकीचं असेल, तर त्याची वीज उलटी मीटरबोर्डापर्यंत येऊ शकते आणि बंद समजून तिथे हात घालणाऱ्या वायरमनला शॉक बसतो. बाहेर वीज नाही म्हणूनच तर लोक इन्व्हर्टर चालवतात, त्यामुळे ‘इन्व्हर्टरही बंद ठेवा, घरातला मेन स्विच खाली करा’ हे ठळक अक्षरांत लिहावं.

दुसरी विनंती प्लग काढण्याची. वायरमन नव्या-जुन्या वायरींचं इन्सुलेशन मेगरने तपासतो, तेव्हा वायरीत ५०० व्होल्ट सोडले जातात. टीव्ही किंवा राउटर प्लगमध्ये राहिला, तर तो बिघडू शकतो, शिवाय रीडिंगही चुकतं. कुलूपबंद खोल्यांच्या किल्ल्या आदल्या दिवशी शेजाऱ्याकडे ठेवायला सांगावं, ते यासाठीच.

नोटीस आठवडाभर आधी आणि लेखी दिलेली बरी. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम २९ नुसार पुरेशा कारणाशिवाय भाडेकरूची वीज तोडता येत नाही. तारीख, वेळ, काम आणि वायरमनचा फोन नंबर कागदावर असला की संशयाला जागा राहत नाही. घरात ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरवर कुणी असेल, तर मालकाला आधी कळवावं, म्हणजे सिलिंडरची सोय होते. पंप चालणार नाही, म्हणून पाणी सकाळीच भरून ठेवायचं. फ्रिज उघडलाच नाही, तर साधारण चार तास थंडावा टिकतो. दूध-मासे मात्र दिवसभर त्याच्या भरवशावर ठेवू नयेत.

वीज आल्यावर घाई नको. आधी एकच दिवा लावावा. तीन फेजच्या जोडणीत न्यूट्रल सैल राहिला, तर काही घरांत दिवे डोळे दिपवण्याइतके तेजाळतात आणि काही घरांत मिणमिणतात. तेजाळणाऱ्या घरात २३० व्होल्टपेक्षा कितीतरी जास्त दाब पोचत असतो. असं दिसताच मेन स्विच खाली ओढावा, शेजाऱ्यांना हाक मारावी आणि वायरमनला थांबवून न्यूट्रल तपासायला लावावा.