सलाईनच्या पंपाचा गजर मराठीत कसा सांगावा?

कुवेतच्या इस्पितळात गेलात तर रोग्याच्या खाटेजवळ उभ्या दांड्यावर अडकवलेली एक लहान पेटी दिसेल. सलाईनची नळी तिच्यातून जाते आणि तासाला जितके मिलिलिटर औषध ठरवून दिले असेल तितकेच ती पुढे सोडते. तिला इन्फ्यूजन पंप म्हणतात. आपल्याकडे कांडोसच्या इस्पितळात ज्यांचे नातलग राहून आले, त्यांनी तिचा टीं-टीं आवाज नक्की ऐकला असेल.

कुवेतमध्ये अशा यंत्राची पुस्तिका इंग्रजीत किंवा अरबीत असते. तिथल्या परिचारिका बहुधा केरळच्या, त्यांचे इंग्रजीत भागते. अडचण येते ती रोगी घरी आल्यावर. सालमिया किंवा अब्बासियातल्या मराठी घरात रात्री यंत्रापाशी बसते ती गावाहून आलेली आई, सासू किंवा मावशी, आणि तिला मराठीच वाचता येते. अशा एका परिचित कुटुंबासाठी पुस्तिकेतील गजर आणि सफाई एवढाच भाग मराठीत करण्याच्या कामात आम्ही होतो. मूळ पुस्तिकेची जागा घेणारा तो कागद नव्हता. तिच्या सोबत ठेवायचा होता.

पहिला निर्णय असा की पडद्यावर उमटणारे शब्द बदलायचे नाहीत. यंत्र `OCCLUSION` असे दाखवते, तर कागदावरही अक्षरे हुबेहूब तशीच काढायची आणि त्यापुढे मराठी लिहायचे. इंग्रजी न येणारी बाईही दोन आकृत्या जुळवून पाहू शकते. नुसते ‘अवरोध’ असे भाषांतर छापले तर ती पडद्यावर तो शब्द शोधत बसेल.

आता हा `OCCLUSION` म्हणजे नळी कुठेतरी अडली आहे. आपल्या घरांत फ्रेंच जाणणाऱ्यांना शब्द ओळखीचा वाटेल, पण कुठे अडली हे त्यात येत नाही. इंग्रजी पुस्तिका ‘प्रवाहाच्या वर’ आणि ‘प्रवाहाच्या खाली’ असा भेद करतात. पहिल्या मसुद्यात कोणी ‘वरचा अडथळा’ आणि ‘खालचा अडथळा’ लिहिले होते. पण पंप खाटेपेक्षा खाली ठेवलेला असला तर रोग्याकडची नळी वर जाते, आणि वाचणारी नेमकी उलट बाजू तपासते. म्हणून ‘पिशवीच्या बाजूला अडले आहे’ आणि ‘रोग्याच्या बाजूला अडले आहे’ असे लिहावे लागले.

या दोहोंत रोग्याच्या बाजूचे अडणे जास्त फसवे. समजा, नळी कुशीखाली दबली. पंप ढकलतच राहतो, नळी किंचित फुगते, दाब वाढतो, आणि ठरलेल्या दाबाला पोचल्यावरच गजर होतो. तोपर्यंत नळीत अर्धा मिलिलिटर औषध तुंबते असे धरा. तासाला ५ मिलिलिटर जात असेल तर गजर व्हायला ६ मिनिटे लागतील. तासाला १ मिलिलिटर असेल तर ३० मिनिटे. म्हणजे गजर झाला त्या क्षणी नळी अडली असे नाही, औषध कितीतरी आधी थांबलेले असते.

आणि घाईघाईने नळीची घडी सोडवली तर? तुंबलेला अर्धा मिलिलिटर एकदम शरीरात शिरतो. ग्लुकोजच्या पाण्याने काही बिघडणार नाही, पण वेदनाशामक अफूजन्य औषध असेल तर तो अर्धा मिलिलिटर भारी पडू शकतो. काही यंत्रे गजर होताच स्वतः दाब उतरवतात, सगळी नाही. त्यामुळे मूळ पुस्तिकेतला ‘अडथळा दूर करा’ हा आदेश मराठीत तसाच उतरवणे धोक्याचे होते. परिचारिकेला विचारून क्रम असा लिहिला: पंप थांबवा. रोग्याजवळचा चिमटा बंद करा. नळीची घडी सोडवू नका. लगेच परिचारिकेला फोन करा. प्रत्येक वाक्यात एकच क्रिया, आणि ती करण्याच्याच क्रमाने. ‘चिमटा बंद करण्यापूर्वी पंप थांबवा’ असे वाक्य वाचले की हात आधी चिमट्याकडे जातो.

दुसरा घोटाळा ‘गजर बंद करा’ या साध्या शब्दांचा. यंत्राच्या गजरांविषयी आंतरराष्ट्रीय मानक आहे, `IEC 60601-1-8`. त्यात आवाज थोडा वेळ थांबवणे आणि गजरच काढून टाकणे या वेगळ्या गोष्टी मानल्या आहेत. घरी वापरायच्या बटणाने बहुधा फक्त आवाज ठराविक वेळ थांबतो. औषध अडलेले ते अडलेलेच. मराठीत ‘बंद’ म्हटले की काम मिटले असे वाटते. म्हणून लिहिले: ‘हे बटण दाबल्यावर आवाज २ मिनिटे थांबेल. कारण तसेच राहील.’ दोन मिनिटे हा आकडा त्या यंत्राचा. दुसऱ्याचा निराळा असू शकतो. त्याच मानकात तातडीचे गजर लाल लुकलुकणाऱ्या दिव्याचे आणि त्याखालचे पिवळ्या लुकलुकणाऱ्या दिव्याचे आहेत. दोन्हीकडे ‘लगेच’ लिहिले तर भेद पुसतो. लालसाठी ‘आत्ताच’ आणि पिवळ्यासाठी ‘थोड्याच वेळात’ हे शब्द ठरवले आणि शेवटपर्यंत पाळले.

सफाईच्या भागात मराठीचीच एक उणीव समोर आली. पृष्ठभागावरचे बहुतेक जंतू मारणे आणि वस्तू पूर्ण जंतुरहित करणे या दोन्हींना आपण सर्रास ‘निर्जंतुकीकरण’ म्हणतो. पंपाचे फक्त पहिले करायचे असते. दुसरे म्हणजे वाफेचे किंवा तसले काम. त्यात पंप निकामी होईल. ‘पंप निर्जंतुक करा’ असे वाचून एखादी काटकसरी बाई तो उकळत्या पाण्याच्या वाफेवर धरील, ही कल्पना हसण्यावारी नेण्यासारखी नाही; दुधाच्या बाटल्या आपण तशाच निर्जंतुक करतो. तो शब्दच गाळला आणि ‘जंतुनाशकाने पुसा’ असे लिहिले.

‘दमट फडके’ यावरही बरीच चर्चा झाली. शेवटी लिहिले: ‘फडके भिजवून घट्ट पिळा. पाणी टपकता कामा नये. द्रव पंपावर फवारू नका.’ आत द्रव शिरला की विजेचे भाग बिघडतात. आधी पंप थांबवून वीज काढायची, पाण्याच्या फडक्याने मळ पुसायचा, मग जंतुनाशक. मळावरच जंतुनाशक फासले तर ते खाली पोचत नाही. आणि त्याच्या बाटलीवर जितकी मिनिटे सांगितली असतील तितकी मिनिटे पृष्ठभाग ओला राहिला पाहिजे, लगेच कोरडा पुसायचा नाही. कोणते जंतुनाशक वापरायचे हे पंपाच्या पुस्तिकेतल्या यादीतूनच घ्यायचे, कारण काही द्रवांनी प्लास्टिकला तडे जातात.

आकड्यांचे तर कुवेतमध्ये विशेषच. अरबी पाच आपल्या शून्यासारखा गोल दिसतो, आणि आपला एक इंग्रजी नऊसारखा. म्हणून कागदावर वेग आणि प्रमाण पडद्यावर दिसतात त्याच इंग्रजी आकड्यांत लिहिले, बाकी सारे मराठीत.

अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१० मध्ये जाहीर केले की २००५ ते २००९ या काळात पंपांविषयी सुमारे ५६,००० तक्रारींच्या नोंदी आल्या, आणि कारणांत पडद्यावरच्या गोंधळात टाकणाऱ्या सूचनाही होत्या. म्हणून आमच्या कागदाची परीक्षा दोन प्रकारे झाली. ज्याने मूळ पाहिले नव्हते अशा एकाने मराठीवरून पुन्हा इंग्रजी केले, आणि ते मूळ पुस्तिकेशी ताडून पाहिले. मग घरच्या मावशींच्या हातात कागद दिला, रोग्याला न जोडलेल्या पंपावर परिचारिकेने नळी दाबून गजर करवला, आणि सगळे गप्प बसून मावशींचे हात पाहत राहिले. त्या दोनदा थबकल्या. ती दोन वाक्ये पुन्हा लिहिली.

कागदाच्या डोक्यावर पंपाचा नमुना क्रमांक आणि तारीख घातली. इस्पितळाने पंप बदलून दिला तर हा कागद फाडून टाकावा, असे तिथेच ठळक लिहिले आहे.