तपशील वाढला की शक्यता वाढते?

२९ मार्च १८५७ च्या रविवारी बराकपूरच्या छावणीत ३४ व्या बंगाल पलटणीतले शिपाई मंगल पांडे यांनी इंग्रज अधिकारी बॉ याच्यावर गोळी झाडली आणि ८ एप्रिलला त्यांना फाशी झाली. आता दोन विधाने पाहा. पहिले : काडतुसांमुळे धर्म बुडेल या संतापाने त्यांनी हत्यार उचलले. दुसरे : याच संतापाने त्यांनी हत्यार उचलले, शिवाय ३१ मे रोजी सर्वत्र एकदम उठायचा गुप्त बेत त्यांना ठाऊक होता, पण त्यांना तोवर धीर धरवला नाही. ३१ मेचा बेत सावरकरांच्या १९०९ च्या ग्रंथामुळे मराठी वाचकांच्या परिचयाचा आहे. दुसऱ्या विधानात सगळे धागे जुळतात, म्हणून तेच अधिक संभाव्य वाटते. गैरसमज नेमका हा आहे. दुसरे विधान खरे ठरेल त्या प्रत्येक परिस्थितीत पहिलेही खरे असतेच. उलट पहिले खरे असून बेताची गोष्ट खोटी असू शकते. म्हणून दुसऱ्याची शक्यता पहिल्यापेक्षा जास्त असूच शकत नाही. हिशेबासाठी उदार आकडे मानू : संतापाची शक्यता ८० टक्के, तो खरा असल्यास बेत ठाऊक असण्याची ५० टक्के, आणि तोही ठाऊक असल्यास धीर सुटल्याची ८० टक्के. गुणाकार ३२ टक्के येतो. प्रत्येक दुवा पटण्याजोगा असूनही साखळी निम्म्याहून कमी शक्यतेची उरते.

यावर कोणी म्हणेल की हे दुवे एकमेकांत गुंतलेले आहेत, मग सरळ गुणाकार कसा चालेल? म्हणूनच वरचे आकडे ‘आधीचे खरे असल्यास’ असे धरले आहेत. गुंतागुंत कितीही घट्ट असली तरी दुव्याची शक्यता फार तर शंभर टक्के होईल; तेव्हा दोन्ही विधाने बरोबरीला येतील, दुसरे पुढे जाणार नाही. उद्या बेताचा अस्सल कागद सापडला, तर दुसऱ्याची शक्यता खूप वाढेल, पण तेव्हाही ती पहिल्याच्या आतच राहील. पुरावा आणि तपशील यांत हा फरक आहे : पुरावा दाव्याला आधार देतो, आधाराविना जोडलेला तपशील हा स्वतःच आणखी एक दावा असतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : लोक पहिल्या विधानाचा अर्थ ‘संताप होता, बेत ठाऊक नव्हता’ असा घेत असतील, तर त्यांची चूक कुठे? ट्वर्स्की आणि कानमन यांनी १९८३ च्या त्यांच्या प्रसिद्ध लेखात ही शंका तपासली. त्यांच्या प्रश्नात लिंडा नावाची काल्पनिक स्त्री होती. ‘ती बँकेत कारकून आहे’ यापेक्षा ‘बँकेत कारकून आहे आणि स्त्रीवादी चळवळीत आहे’ हे बहुसंख्यांना अधिक संभाव्य वाटले. मग ‘चळवळीत असो वा नसो’ असे स्पष्ट लिहिले, तरी निम्म्याहून अधिक लोक चुकलेच. मात्र टक्क्यांऐवजी ‘शंभरांपैकी किती जण’ असे विचारले की चूक बरीच घटते, कारण मोठ्या गटातला छोटा गट डोळ्यांपुढे येतो.

या नियमाने ३१ मेचा बेत खोटा ठरत नाही. आणि एक विधान दुसऱ्यात सामावलेले नसेल, जसे ‘नशेत गोळी झाडली’ विरुद्ध ‘बेत ठाऊक असून झाडली’, तिथे तो लागूच पडत नाही; तिथे कागदपत्रेच तपासावी लागतात.