नऊ माणसं, एक पाकीट

अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागात हॉटेल-हॉस्पिटलांचे कपडे धुण्यासारखी घाऊक धुलाई करणारी एक कंपनी होती. तिच्या पाच कारखान्यांपैकी एकाच्या व्यवस्थापकाने हजेरीसाठी बक्षीस ठेवलं. महिनाभर उशीर नाही, न सांगता खाडा नाही, अशा कामगारांची नावं सोडतीत जायची आणि ज्याचं नाव निघेल त्याला ७५ डॉलरचं गिफ्ट कार्ड मिळायचं. खर्च थोडा होता, हेतू चांगला होता. टिमथी गबलर, इयन लार्किन आणि लमार पिअर्स या अभ्यासकांनी त्या कारखान्याच्या नोंदी इतर चार कारखान्यांशी ताडून पाहिल्या. २०१६ मध्ये त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला.

हजेरी सुधारली, पण सोडतीत नाव असेपर्यंतच. एकदा उशीर होऊन महिन्याची संधी गेली की काही जण पुढे निर्धास्तपणे उशिरा येऊ लागले. खरं नुकसान मात्र वेगळ्याच ठिकाणी झालं. जी माणसं आधीपासून वेळेवर येत होती आणि मन लावून काम करत होती, त्यांचा कामाचा वेग ६ ते ८ टक्क्यांनी घसरला. इतकी वर्षं ते जे न सांगता करत होते, त्यासाठी आता कालपर्यंत उशिरा येणाऱ्यालाही कार्ड मिळत होतं. सगळा हिशेब मांडल्यावर कारखान्याचं उत्पादन १.४ टक्क्यांनी कमीच झालेलं दिसलं.

छोट्या चमूत हे दुखणं आणखी वाढतं, कारण तिथे कोण किती राबतं हे सगळ्यांना दिसत असतं. समजा, भोसरीत नऊ जणांचं एक मशीन शॉप आहे. सहा ऑपरेटर, एक सेटर, दोन हेल्पर. शेठ दर महिन्याला एकाला ‘महिन्याचा उत्तम कामगार’ म्हणून १,५०० रुपयांचं पाकीट देतात. वर्षाला १८,००० रुपये. म्हणजे वर्षात बारा वेळा कुणीतरी पाकीट घेतो आणि ९६ वेळा कुणीतरी रिकाम्या हाताने टाळ्या वाजवतो. चार महिन्यांत कुरबुर ऐकू येते आणि शेठ पाळी लावतात: या महिन्यात याला, पुढच्या महिन्यात त्याला. भांडण मिटतं, पण त्या दिवसापासून पाकीट कामाचं राहत नाही.

पाळी न लावता नगांच्या आकड्यावर द्यावं, तर दुसरा घोळ. नव्या व्हीएमसीवर बसलेल्याचे नग जास्त निघणार, जुन्या लेथवर बसलेल्याचे कमी. सेटरचं काम तर नगांत मोजलंच जात नाही. त्यामुळे पक्षपात झाला की नाही, हे बक्षिसाच्या दिवशी ठरत नाही. कुणाला कुठल्या मशीनवर उभं केलं, सोपा जॉब कुणाला दिला, ओव्हरटाइम कुणाला विचारला, तिथेच तो आधी होऊन गेलेला असतो. म्हणून बक्षिसाची योजना आखण्याआधी मशीनवाटपाचा तक्ता भिंतीवर लागायला हवा आणि माणसं ठरावीक दिवसांनी मशीन बदलायला हवीत. ते केल्याशिवाय केलेली प्रत्येक योजना लाडक्याच्याच पदरात पडते.

मत्सर ओळखायचा कसा? तो बोलून दाखवला जात नाही, कामात दिसतो. दिवसपाळीच्या ऑपरेटरला दुपारी लक्षात येतं की इन्सर्ट झिजतोय आणि व्यास वाढत चाललाय. तो ऑफसेटमध्ये दोन शतांशाची दुरुस्ती करून काम सुरू ठेवतो. रोज तो जाताना रात्रपाळीच्या माणसाला म्हणायचा, “ऑफसेट दिलाय रे, इन्सर्ट बदललास तर काढून टाक.” आता दोघंही एकाच पाकिटाच्या शर्यतीत आहेत, तो काहीच सांगत नाही. रात्री नवा इन्सर्ट लागतो, जुना ऑफसेट तसाच राहतो आणि पहिले नग मापात बसत नाहीत. रिजेक्शन रात्रपाळीच्या नावावर जातं. खोटं कुणीच बोललेलं नाही, फक्त एक वाक्य बोलायचं राहिलं. एकट्याच्या आकड्यावर बक्षीस ठेवलं की ते नेमकं हे वाक्य महाग करतं.

म्हणून कौतुकच नको, असा निष्कर्ष काढणं चुकीचं ठरेल. २०१६ मध्येच प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात तीनशेहून अधिक माणसांना तीन तासांच्या डेटा एन्ट्रीच्या कामावर घेतलं होतं. काही गटांत दोन तासांनंतर, आधी काहीही न सांगता, आभाराची कार्डं वाटली. पैसे नाहीत, फक्त कार्ड. पुढच्या तासात काम वाढलं, आणि ते मुख्यतः ज्यांना कार्ड मिळालं नव्हतं त्यांच्यामुळे वाढलं. निवड कामावरून झाली आहे हे दिसत असेल, तर दुसऱ्याचं कौतुक माणसाला खचवतंच असं नाही. अर्थात ती माणसं तीन तासांपुरती एकत्र आली होती, रोज एकाच टपरीवर चहा पिणारी नव्हती. वर्षानुवर्षांच्या सोबतीला हा निकाल जसाच्या तसा लावता येत नाही.

भोसरीच्या शॉपमध्ये तेच १८,००० रुपये दुसऱ्या रीतीने वाटता येतात. महिन्याचं रिजेक्शन आधी ठरवलेल्या मर्यादेत राहिलं आणि पार्टीकडून माल परत आला नाही, तर प्रत्येकाला सारखे १०० रुपये. शेठच्या भाच्यालाही १०० आणि हेल्परलाही १००. नऊ जणांचे महिन्याला ९०० झाले. रात्रपाळीचे नग बिघडले तर दिवसपाळीचेही शंभर जातात, त्यामुळे ऑफसेटचं ते वाक्य पुन्हा बोललं जातं.

उरले महिन्याचे ६००. ते माणसाला नव्हे, केलेल्या कामाला द्यायचे. टूल रॅकजवळ एक वही टांगायची. ज्याने पाहिलं त्याने लिहायचं: तारीख, कुणी काय केलं, त्यामुळे काय वाचलं. स्वतःचं नाव स्वतः लिहायचं नाही. एकाच माणसाने त्याच सोबत्याचं नाव सलग दोन महिने लिहायचं नाही, नाहीतर दोघं मित्र एकमेकांची वही भरतात. ‘मेहनती आहे’ ही नोंद चालत नाही. ‘कुलंटची गळती पाहून मशीन बंद केलं, स्पिंडल वाचला’ ही चालते. महिनाअखेर दहा मिनिटं सगळ्यांसमोर नोंदी वाचायच्या आणि जास्तीत जास्त तिघांना २०० रुपये द्यायचे. कोणत्या नोंदीला पैसे, हे सेटर आणि पाळीने बदलणारे दोन कामगार ठरवतील. आपल्या नावाची नोंद आली की तेवढ्यापुरतं बाजूला बसायचं. भाच्याच्या नोंदीवर शेठ बोलणार नाहीत. लायक नोंदी कमी पडल्या तर पैसे पुढच्या महिन्यात जातात, उगाच वाटले जात नाहीत.

हे सारं सुरुवातीलाच सहा महिन्यांपुरतं जाहीर करावं, म्हणजे बदल करताना कुणाच्या तोंडचं काढून घेतल्यासारखं होत नाही. एक मर्यादाही लक्षात ठेवावी. ओव्हरटाइमचे पैसे थकले असतील, तर २०० रुपयांच्या कौतुकाने माणूस आणखी चिडतो, आणि त्याचं चिडणं रास्त असतं.

तीन महिन्यांनी वही पुन्हा पहिल्यापासून चाळायची आणि नावं मोजायची. दिवसपाळीच्या चौदा नोंदी आणि रात्रपाळीची एकच निघाली, तर रात्रपाळी आळशी आहे असं धरू नये. रात्री पाहणारंच कुणी नसतं. अशा वेळी पाळी बदलताना पाच मिनिटं दोन्ही माणसांनी मशीनजवळ एकत्र उभं राहायचं आणि येणाऱ्याने जाणाऱ्याबद्दल वहीत लिहायचं. हेल्परचं नाव एकदाही आलं नसेल, तर शेठने एक दिवस त्याच्यासोबत काढावा. चिप्स वेळेवर उचलल्या गेल्या म्हणून किती वेळा मशीन थांबलं नाही, हे तिथे उभं राहिल्यावरच दिसतं, आणि त्या तिमाहीची पहिली नोंद मग शेठच्याच हस्ताक्षरात होते.