कापलेले पैसे आणि न दिसलेले तिकीट

मुरबाडला रेल्वे नाही आणि शहापूरकरांचे आसनगाव हे मुख्यतः लोकलचे स्थानक, त्यामुळे लांबच्या गाडीसाठी या दोन्ही तालुक्यांतील माणसाला बहुधा कल्याण गाठावे लागते आणि तिकिटापुरता मोबाइलचा आश्रय घ्यावा लागतो. या व्यवहाराविषयीचा एक समज ऐकून तर कान किटले आहेत: बँकेतून पैसे गेले आणि तिकीट दिसले नाही, की रक्कम बुडाली असे समजावे आणि तातडीने दुसरे तिकीट काढावे.

यातील पहिला भाग खोटा आहे. दुसरा खोटा तर आहेच, शिवाय महागात पडणारा आहे. कल्याणहून कोल्हापूरला महालक्ष्मी एक्सप्रेसने निघालेले चौघांचे कुटुंब सकाळी ११ वाजता स्लीपरचे तत्काळ तिकीट काढीत आहे, असे समजा. बँकेने रक्कम वळती केली, परंतु तिची पोच आयआरसीटीसीला मुदतीत मिळाली नाही, तर तिकीट निघत नाही. "Book only if confirm berths are allotted" या पर्यायावर खूण केलेली असेल आणि पैसे भरेपर्यंत बर्थ संपले असतील, तरीही निघत नाही. पण ती अट आपणच घातलेली असते, हे सोयीस्कररीत्या विसरले जाते. उलटपक्षी, तिकीट रीतसर निघाले आणि केवळ पडदा कोरा राहिला, असेही घडते. म्हणून प्रथम My Transactions मधील Booked Ticket History पाहावी. तेथे पीएनआर असताना, तो न पाहताच दुसरे तिकीट काढणाऱ्याच्या पदरात दोन तत्काळ तिकिटे पडतात, आणि निश्चित झालेले तत्काळ तिकीट स्वतःहून रद्द केल्यास परतावा शून्य!

तेथे काहीच नसेल, तर Failed Transaction History मध्ये त्या व्यवहाराची नोंद शोधावी. रक्कम अर्जाविना परत येते, मात्र ज्या खात्यातून गेली त्याच खात्यात. सायबर कॅफेवाल्याच्या खात्यातून पैसे भरले असतील तर तगादा त्याच्याकडे लावावा. यूपीआयने पैसे गेले आणि व्यापाऱ्याला पोच मिळाली नाही, तर व्यवहारानंतर पाच दिवसांत ते परत यावेत आणि पुढील प्रत्येक दिवसाच्या विलंबापोटी खातेदाराला १०० रुपये मिळावेत, असा रिझर्व्ह बँकेचा २० सप्टेंबर २०१९ चा आदेश आहे. बँकेकडे तक्रार दाखल करताना यूपीआयचा बारा अंकी संदर्भ क्रमांक जवळ असावा.

काहीजण अशा वेळी टीडीआर भरण्याचा सल्ला देतात. टीडीआर निघालेल्या तिकिटासाठी असतो, न निघालेल्यासाठी नव्हे. गूगलवर सापडलेल्या कोणत्याही 'रिफंड' क्रमांकाला ओटीपी सांगू नये. आयआरसीटीसीचा क्रमांक १४६४६ आहे.