थंड झालेला ढीग आणि तयार झालेले खत

कंपोस्टच्या ढिगातील उष्णता उतरली की खत तयार झाले, असा समज बहुतेक ठिकाणी आढळतो. पंधरा-वीस दिवसांत ढीग थंड पडतो, वरचा थर काळपट दिसतो आणि खत शेतात जाते. पुढे त्या शेतातील रोपे पिवळी पडली, की दोष बियाण्याला किंवा हवामानाला दिला जातो. वस्तुतः ढीग थंड होण्याची कारणे अनेक आहेत आणि कुजण्याची क्रिया पूर्ण होणे हे त्यांपैकी केवळ एक. उरलेली कारणे पाण्याची, हवेची किंवा नत्राची उणीव दर्शवितात. भाताच्या पेंढ्याचे उदाहरण घेतल्यास हा भेद स्पष्ट होईल. जनावरे खात असतील तो चांगला पेंढा अर्थातच वैरणीसाठी राखावा. येथे विचार आहे तो गोठ्यात तुडवलेल्या, पावसात भिजलेल्या किंवा कंबाइन यंत्रामागे शेतात उरलेल्या पेंढ्याचा.

कोरड्या पेंढ्यात साधारण ४० टक्के कर्ब व ०.६ टक्का नत्र धरता येते. म्हणजे कर्ब-नत्र गुणोत्तर ६५ ते ७० च्या घरात जाते. सूक्ष्मजीवांना झपाट्याने काम करण्यासाठी ते प्रारंभी ३० च्या आसपास असावे लागते. ‘पेंढ्याच्या निम्मे शेण’ हा रूढ ठोकताळा येथे कितपत पुरतो, ते हिशेबाने पाहू.

एक टन पेंढ्यात १० टक्के ओलावा धरल्यास ९०० किलो कोरडा भाग राहतो. त्यात कर्ब ३६० किलो आणि नत्र सुमारे ५.४ किलो. त्यात ५०० किलो ताजे शेण मिसळले. शेणाचा चार-पंचमांश भाग पाणीच असते, म्हणून कोरडा भाग केवळ १०० किलो. त्यातून कर्ब ३६ किलो व नत्र १.६ किलो मिळते. एकूण कर्ब ३९६ किलो, नत्र ७ किलो आणि गुणोत्तर सुमारे ५७. डोळ्यांना भरपूर दिसणारे शेण सूक्ष्मजीवांचे उत्तम विरजण ठरते, परंतु नत्राची उणीव ते भरून काढत नाही. गुणोत्तर ३० वर आणण्यासाठी नत्र १३.२ किलो हवे. तूट ६.२ किलोची, म्हणजे सुमारे १३.५ किलो युरियाची. हा युरिया एकदम घालू नये. निम्मा शेणकाल्यात विरघळवून थरांवर शिंपडावा व निम्मा पहिल्या पलटणीच्या वेळी द्यावा. अन्यथा तप्त ढिगातून त्याचा बराच भाग अमोनियाच्या रूपाने उडून जातो आणि डोळे चुरचुरविणारा वास त्याची साक्ष देतो.

सेंद्रिय शेतीत युरिया चालत नाही. तेथे गिरिपुष्पाची कोवळी पाने घ्यावीत. ताज्या एक क्विंटल पानांतून साधारण पाऊण किलो नत्र मिळते. चार क्विंटल पाने घातली तरी ती स्वतःचा कर्ब सोबत आणतात, म्हणून गुणोत्तर ४४ पर्यंतच उतरते. ढीग चालतो, मात्र सावकाश. कुजविणाऱ्या बुरशीचे संवर्धन वापरले तरी हा हिशेब टळत नाही, कारण संवर्धनातून जिवाणू-बुरशी मिळते, नत्र व पाणी नव्हे.

पाण्याचा हिशेब त्याहून सोपा आहे. वरील मिश्रणात कोरडा भाग १,००० किलो आणि पाणी ५०० किलो (पेंढ्यातील १०० व शेणातील ४००). ओलावा ६० टक्के राखायचा तर पाणी १,५०० किलो हवे, म्हणजे आणखी हजार लिटर घालावे लागते. शेतकरी बहुधा याच्या निम्म्यावर थांबतात. शिवाय पेंढ्याच्या पृष्ठभागावर मेणासारखा थर असल्याने वरून ओतलेले पाणी तळातून वाहून जाते. म्हणून पेंढ्याचे बोटभर लांबीचे तुकडे करून ते आदल्या दिवशी भिजवावेत. नंतर मूठभर मिश्रण घट्ट पिळावे. बोटांच्या फटींतून दोन-चार थेंब दिसले तर ओलावा योग्य, धार लागली तर अधिक, हात नुसता ओलसर झाला तर उणा.

एवढ्या मालाचा ढीग दोन मीटर रुंद, दीड मीटर उंच व पाच-सहा मीटर लांब होतो. उंची एक मीटरखाली गेल्यास उष्णता टिकत नाही, विशेषतः उत्तर भारतातील हिवाळ्यात. कोकणासारख्या पावसाच्या प्रदेशात मात्र ढीग उंचवट्यावर रचून झाकणे अगत्याचे असते.

सर अल्बर्ट हॉवर्ड व यशवंत वाड यांनी इंदूर येथे विकसित केलेल्या आणि १९३१ साली ग्रंथरूपाने मांडलेल्या पद्धतीत तीन पलटण्या येतात. पहिली दहा-पंधरा दिवसांनी, दुसरी त्यानंतर पंधरवड्याने, तिसरी आणखी एका महिन्याने. हे वेळापत्रक आजही उपयोगी आहे, पण लोखंडी सळई दिनदर्शिकेपेक्षा अधिक विश्वासू. ती ढिगाच्या मध्यापर्यंत खुपसून दहा-पंधरा मिनिटांनी बाहेर काढावी. तीन-चार दिवसांतच ती हाती धरवेनाशी झाली पाहिजे. तेव्हा आतील तापमान ५५ ते ६५ अंश सेल्सिअस असते. सळई कोमट लागू लागली की पलटणी द्यावी, बाहेरचा थर आत व आतला बाहेर येईल अशी. तणांचे बी मरते ते याच अदलाबदलीमुळे, कारण कडेचा थर पुरेसा तापतच नाही.

ढीग वेळेआधी थंड झाला तर हातभर खोल उकरून पाहावे. आत राखेसारखी पांढरी भुकटी व कोरडेपणा असेल तर पाण्याची उणीव आहे. सडका वास व चिकट काळा लगदा असेल तर पाणी अधिक झाले व हवा कोंडली. तेथे कोरडा पेंढा मिसळून लगेच पलटणी द्यावी. ओलावा ठीक, वासही नाही, पण पेंढा अजून सोनेरी व चिवट असेल, तर नत्र कमी पडले. या तिन्ही ढिगांना थंड म्हणता येईल, पक्व म्हणता येणार नाही.

खरी पक्वता ओळखण्यासाठी प्रथम ढीग पलटून पुन्हा योग्य ओलावा द्यावा. आठवडाभरात तो फिरून तापला, तर काम अपुरे आहे. न तापल्यास ओलसर खताची मूठ प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून ठेवावी. तीन-चार दिवसांनी उघडल्यावर मातीचा वास यावा, आंबट किंवा अमोनियाचा येऊ नये. प्रयोगशाळेतील गुणोत्तर २० खाली असणे आवश्यक आहे, परंतु त्यावरच विसंबू नये. शेवटी युरिया घातलेल्या अर्धकच्च्या खताचाही आकडा खाली येतो.

म्हणून बियांची साक्ष घ्यावी. दहा ग्रॅम खत १०० मिलिलिटर पाण्यात ढवळून तासाभराने गाळावे. त्या पाण्याने भिजविलेल्या गाळण कागदावर मोहरीचे २० दाणे ठेवावेत व शेजारी साध्या पाण्यावर तितकेच. समजा, तीन दिवसांनी साध्या पाण्यात १८ दाणे उगवले व मुळांची सरासरी लांबी ४ सेंमी भरली, तर खताच्या पाण्यात १७ दाणे व ३ सेंमी. उगवण आणि लांबी यांचे गुणाकार ७२ व ५१ होतात, म्हणजे निर्देशांक ७१ टक्के. सामान्यतः ८० टक्क्यांपुढे खत पक्व मानतात. उगवण जवळपास सारखीच असूनही मुळे आखूड राहिली, याचा अर्थ खतात अद्याप मुळांना बाधणारी द्रव्ये आहेत. असा ढीग ओलसर ठेवून आणखी दोन-तीन आठवडे मुरू द्यावा व परीक्षा पुन्हा घ्यावी.

पेरणी जवळ आल्याने थांबणे शक्य नसेल, तर असे खत रोपवाटिकेत किंवा लागवडीच्या खड्ड्यात मुळीच घालू नये. ओल्या जमिनीत पेरणीपूर्वी किमान तीन-चार आठवडे पसरून मिसळावे, म्हणजे उरलेले कुजणे व त्यासाठी लागणारी नत्राची उचल पीक उभे राहण्याआधीच उरकते.