बारा पायऱ्यांत दुप्पट

पेटीवर मध्य सप्तकातला सा आणि तार सप्तकातला सा पाठोपाठ वाजवले, तर एक खालचा आणि एक वरचा हे कुणालाही कळतं. तरीही दोघांना आपण सा म्हणतो आणि ते ऐकताना खटकत नाही. संगीतशास्त्राच्या पुस्तकांत सोयीसाठी मध्य सा सेकंदाला २४० आंदोलनांचा धरण्याचा प्रघात आहे. त्या हिशोबाने तार सा ४८०चा, अतितार सा ९६०चा आणि मंद्र सा १२०चा. सप्तक चढलं की आंदोलनं दुप्पट, उतरलं की निम्मी.

दुप्पटच का, याचं उत्तर तारेत आहे. छेडलेली तार अखंड तर थरथरतेच, पण त्याच वेळी अर्ध्यांत, तिसऱ्या भागांत, चौथ्या भागांतही थरथरते. त्यामुळे २४०च्या सुरात ४८०, ७२०, ९६०, १२०० असे बारीक सूर मिसळलेले असतात. आता ४८०चा सा घ्या. त्याच्या पोटात ४८०, ९६०, १४४० हेच सूर, आणि त्यातला प्रत्येक सूर खालच्या सा मध्ये आधीपासून आहे. वरचा सा कानाला परका असं काहीच देत नाही. हेच तारेच्या लांबीतही दिसतं. जुन्या ग्रंथकारांची ३६ इंची तार घेतली, तर तार सा बरोबर १८ इंचांवर मिळतो.

मंद्र सा ते मध्य सा हे अंतर १२० आंदोलनांचं आहे, मध्य ते तार २४०चं, त्याच्या पुढचं ४८०चं. कानाला मात्र ही तिन्ही अंतरं सारखीच वाटतात. कान वजाबाकी करत नाही, तो पट पाहतो. पुढचा सगळा हिशोब या एका गोष्टीवर उभा आहे.

सा पासून तार सा पर्यंत काळ्या-पांढऱ्या पट्ट्या धरून बारा पायऱ्या आहेत. त्या सारख्या करायच्या, तर २४०ला बाराने भागून प्रत्येक पायरी २० आंदोलनांची करावी, असं पटकन सुचतं. करून पाहू. २४०वरून २६०वर जाताना सूर सव्वाआठ टक्क्यांहून अधिक चढतो. ४६०वरून ४८०वर जाताना साडेचार टक्केही चढत नाही. कानाला पहिली पायरी शेवटच्या पायरीच्या जवळपास दुप्पट मोठी लागते. शिवाय तार सप्तकात शिरताच पायरी एकदम ४०ची करावी लागते. बेरीज ही सरळव्याजाची रीत झाली. इथे चक्रवाढ लागते. एक असा गुणक हवा, की त्याने २४०ला बारा वेळा गुणलं की नेमके ४८० यावेत. म्हणजेच दोनाचं बारावं मूळ.

हे मूळ काढायला कॅल्क्युलेटर लागत नाही. चीनमधल्या मिंग राजघराण्यातला राजपुत्र झू झाय्यू याने १५८४च्या सुमारास ते मणिचौकटीवर कित्येक दशांश स्थळांपर्यंत काढलं होतं. युक्ती अशी, की बारा म्हणजे दोन गुणिले दोन गुणिले तीन. तेव्हा दोनदा वर्गमूळ आणि एकदा घनमूळ काढलं की काम झालं.

सप्तकाच्या अर्ध्यावर, सहा पायऱ्या चढून, तीव्र मध्यम येतो. सहा पायऱ्यांचा गुणक स्वतःशीच गुणला की दोन यायला हवेत, म्हणून तो दोनाचं वर्गमूळ, १.४१४२. त्याचा निम्मा प्रवास म्हणजे तीन पायऱ्या, कोमल गांधार. पुन्हा वर्गमूळ घेतलं की १.१८९२. आता याचं घनमूळ हवं. १.०६ घेऊन पाहा: तीनदा गुणल्यावर १.१९१० येतात, थोडे जास्त. १.०५९चे १.१८७६ होतात, थोडे कमी. १.०५९४ अजून कमी पडतात आणि १.०५९५ किंचित पुढे जातात. खरा आकडा या दोघांच्या मधे आहे, १.०५९४६३. एक पायरी म्हणजे जेमतेम सहा टक्के वाढ. २४०च्या सा चा कोमल रिषभ २५४.२७, कोमल गांधार २८५.४१, तीव्र मध्यम ३३९.४१, आणि बाराव्या पायरीला ४८०.

आकडा जरासा चुकला तर काय होतं, याचा नमुना त्याच काळात इटलीत सापडतो. गॅलिलिओचे वडील व्हिन्चेन्झो गॅलिली हे ल्यूट वाजवत. वाद्याच्या दांडीवर पडदे बसवण्यासाठी त्यांनी १५८१च्या ग्रंथात सोपा नियम दिला: उरलेल्या तारेचा अठरावा भाग सोडा आणि पडदा बांधा. आपल्या ३६ इंची तारेवर पहिला पडदा बरोबर ३४ इंचांवर येतो, आणि खरं उत्तरही ३३.९८ आहे. इतक्या फरकाकडे कोण बघणार! पण चूकही चक्रवाढीने वाढते. बारावा पडदा १८ऐवजी १८.१३ इंचांवर पडतो आणि तार सा ४८०ऐवजी साधारण ४७६.५चा, म्हणजे उतरलेला निघतो. पडद्यावर दाबताना तार किंचित ताणली जाऊन सूर चढतो, म्हणून ही तूट काही अंशी भरून निघे. आजचे गिटार बनवणारे अठराऐवजी १७.८१७ने भागतात.

एवढी खटपट कशासाठी? तंबोऱ्यात जुळणारे शुद्ध सूर साध्या अपूर्णांकांचे असतात. पंचम दीडपट, म्हणजे ३६०. गांधार सव्वापट, म्हणजे ३००. रिषभ २७०, मध्यम ३२०, आणि त्या मध्यमाचा सव्वापट म्हणजे ४००चा धैवत. पेटी अशी लावली की २४०च्या सा ला ती गोड वाजते. पण गायक बदलला आणि रिषभाच्या पट्टीला सा मानायची वेळ आली की अडचण होते. २७०च्या सा ला पंचम ४०५चा हवा आणि पट्टी आहे ४००ची. हा पंचम ऐकवत नाही. सगळ्या पायऱ्या एकाच गुणकाने बांधल्या की काळी एक धरा किंवा पांढरी चार, अंतरं तीच राहतात. यालाच टेम्पर्ड स्केल म्हणतात, आणि बाजारात मिळणारी पेटी सहसा तशीच लावलेली असते.

त्याची किंमत गांधार मोजतो. टेम्पर्ड पंचम ३५९.५९चा येतो, ३६०ला अगदी चिकटून. गांधार मात्र ३००ऐवजी ३०२.३८, म्हणजे सरळ चढा. तंबोऱ्याशेजारी बसून हे ऐकता येतं. १२०च्या खर्जाच्या तारेतून तिचा पाचवा अंश, ६००चा गांधार, आपोआप उमटतो. त्यावर पेटीचा तार गांधार धरला तर तो ६०४.७६चा असतो. या दोन सुरांतला फरक म्हणजे सेकंदाला जवळपास पाच हेलकावे. सूर स्थिर न राहता लाटेसारखा हलत राहतो. आकाशवाणीने १९४०मध्ये पेटी बंद केली त्यामागे मींड निघत नाही ही तक्रार होती, तशी या बांधलेल्या सुरांचीही होती. त्याच्याही आधी कृष्णाजी बल्लाळ देवल आणि क्लेमेंट्स यांनी श्रुतींची पेटी घडवण्याचा खटाटोप केला होता.

आजही काही एकलवादक आपली पेटी एका ठरावीक सा ला शुद्ध सुरांत लावून घेतात. कारागीर गांधाराच्या पितळी रीडचं बूड हलक्या हाताने खरवडतो, तसा सूर उतरतो. फार उतरला तर टोक खरवडून पुन्हा चढवतो. हेलकावे थांबले की गांधार लागला. मग ती पेटी त्या एका सा लाच खरी वाजते, आणि दुसऱ्या पट्टीत गाणाऱ्याच्या साथीला दुसरी पेटी घ्यावी लागते.